पोस्टपेड नंबर पोर्ट करायचाय? आधी बिलाची तारीख बघा

“वहिनी, जुनं सिम तर मी महिन्याभरापूर्वीच काढून डब्यात टाकलंय. मग हे पैसे कोण कापतंय?”

धाकटे भावजी भांडुपहून मुलुंडला आमच्या घरी आले ते मोबाइल पुढे करूनच. बँकेचा एसएमएस होता : उद्या तुमच्या कार्डावरून ६२४ रुपये २२ पैसे वजा होतील. खाली जुन्या मोबाइल कंपनीचं नाव. घरातली बिलं, सोसायटीचं मेंटेनन्स, विम्याचे हप्ते हे सगळं खातं माझ्याकडे असल्यामुळे असली प्रकरणं शेवटी माझ्याच टेबलावर येतात. आम्ही त्यांची जुनी ईमेल उघडली. गेल्या पंधरवड्यात आलेलं बिल तिथे न वाचता पडलेलं होतं. ते ओळीओळीने वाचल्यावर कळलं, की त्यातला एक आकडा सोडला तर कंपनीने काही लुबाडलं नव्हतं. भावजींनी पोर्टिंग केलं होतं बरोबर, पण चुकीच्या क्रमाने.

तो क्रम कसा असावा, हे त्यांच्याच बिलाच्या आधाराने सांगते.

आधी ‘बंद’ करू नका

पहिली गोष्ट, नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर जुन्या कंपनीला “माझं कनेक्शन बंद करा” असं सांगायला जाऊच नका. कनेक्शन बंद झालं की नंबर हातातून गेला. बंद पडलेला नंबर पोर्ट होत नाही. पोर्टिंग पूर्ण झालं की जुनं कनेक्शन आपोआप संपतं, त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. गॅलरीत जाऊन फॉर्म भरून ‘डिसकनेक्शन’ घ्यायचं ते फक्त नंबरच नको असेल तेव्हा.

तिसरी वाटही आहे : त्याच कंपनीत पोस्टपेडवरून प्रीपेडवर जाणं. ते आता ओटीपीवर होतं. फक्त महिन्याचं बिल नको झालंय आणि नेटवर्कबद्दल तक्रार नाही, अशांनी कंपनी बदलायची यातायात करण्यात अर्थ नाही.

पोर्टिंगची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. आज जी पद्धत चालते ती डिसेंबर २०१९ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने बदललेल्या नियमांची. त्याआधी पोर्टिंगला लागणारा कोड कुणालाही मिळायचा आणि अर्ज नंतर फेटाळला जायचा. आता उलट आहे. कोड मागितल्याबरोबर तुम्ही पात्र आहात की नाही ते तपासलं जातं आणि पात्र असाल तरच कोड येतो. पोस्टपेडवाल्यांचं घोडं पेंड खातं ते इथेच.

कोड का येत नाही

ज्या नंबरचं पोर्टिंग करायचंय त्याच सिमवरून 1900 वर हा एसएमएस पाठवायचा (PORT नंतर एक जागा सोडून स्वतःचा दहा आकडी नंबर) :

```
PORT 98XXXXXXXX
```

फोनमध्ये दोन सिम असतील तर एसएमएस कुठल्या सिमवरून जातोय ते बघून घ्या. दुसऱ्या सिमवरून गेलेला मेसेज फुकट जातो.

उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा यूपीसी, म्हणजे तोच पोर्टिंगचा कोड, येतो, किंवा मग नकाराचं कारण. कारणं मोजकीच असतात. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले नसणं, हे एक. गेल्या ७ दिवसांत सिम बदलून घेतलेलं असणं, हे दुसरं. हा ७ दिवसांचा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला आणि तो सिम-स्वॅप करून होणाऱ्या फसवणुकीला आळा घालण्यासाठी आहे. म्हणजे फोन हरवला म्हणून कालच नवं सिम घेतलं असेल तर आठवडाभर थांबा. नंबर दुसऱ्याच्या नावावर करायचा अर्ज मध्येच अडकला असेल किंवा नंबरावरून कोर्टात वाद चालू असेल तरीही कोड मिळत नाही. नंबर ऑफिसच्या नावावर असेल तर कंपनीच्या अधिकृत सहीचं पत्र लागतं. ते आणायचं म्हणजे एचआरची मनधरणी आली.

पण पोस्टपेडवाल्यांच्या बाबतीत दहापैकी नऊ वेळा कारण एकच असतं, थकबाकी. आणि इथे थकबाकी या शब्दाचा अर्थ आपल्या समजुतीपेक्षा वेगळा आहे. भावजींचं बिल १२ जूनला निघालं होतं, भरायची शेवटची तारीख २७ होती. त्यांनी २० जूनला PORT पाठवला. त्यांचं म्हणणं, “मुदत संपलीच नाही, मग मी थकबाकीदार कसा?” नियमाच्या नजरेत मात्र बिल निघालं आणि ते भरलेलं नाही, एवढं पुरेसं आहे. शेवटच्या तारखेशी त्याचा संबंध नाही.

मग त्यांनी तिथल्या तिथे यूपीआयने बिल भरलं आणि दहा मिनिटांत पुन्हा मेसेज पाठवला. पुन्हा नकार. पैसे आपल्या खात्यातून जातात सेकंदात, पण कंपनीच्या खात्यावर ते ‘भरलं’ म्हणून चढायला काही तास लागू शकतात. दुसऱ्या ॲपमधून भरलं असेल तर एखादा दिवसही. कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये थकबाकी ० दिसेपर्यंत PORT पाठवू नका. भावजींना कोड आला तो २१ तारखेच्या संध्याकाळी.

तारखांचं गणित

यूपीसी मुंबईत ४ दिवस चालतो. मेसेजमध्येच शेवटची तारीख लिहिलेली असते, ती वाचा. एकाच सर्कलमधलं पोर्टिंग ३ कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवं, सर्कल बदलत असेल तर ५.

हे सर्कलचं प्रकरण मुंबईकरांना नेहमी गोंधळात टाकतं. दूरसंचार खात्याच्या नकाशात मुंबई हे वेगळं सर्कल आहे. त्यात नवी मुंबई आणि कल्याणच्या टेलिफोन यंत्रणेचा भाग येतो. उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट दुसरं सर्कल. म्हणून डोंबिवलीतल्या माणसाने मुंबईत घेतलेला नंबर मुंबईत पोर्ट करणं हे ३ दिवसांचं काम आहे. पण पुण्याला कॉलेजात असताना घेतलेला नंबर आता परळच्या दुकानात मुंबई सर्कलमध्ये पोर्ट करायला दिलात तर ५ दिवस धरा. मध्ये रविवार, गणपती, दिवाळी आली तर ते दिवस कामकाजात धरायचे नाहीत.

आता मुद्द्याचा प्रश्न : महिन्याच्या कुठल्या दिवशी पोर्ट करायचं?

याचं उत्तर जुनी कंपनी शेवटच्या महिन्याचं भाडं कसं लावते यावर ठरतं. काही प्लॅनमध्ये वापरलेल्या दिवसांपुरतंच भाडं लावतात. कॉल सेंटरवाले याला ‘प्रो-रेटा’ म्हणतात. काहींमध्ये बिलाचं महिन्याचं चक्र सुरू झालं की पूर्ण महिन्याचं लागतं, तुम्ही तिसऱ्या दिवशी गेलात तरी. शिवाय काही बिलांत भाडं आगाऊ घेतलेलं असतं, काहींत मागच्या महिन्याचं. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे बिलावर ‘मासिक भाडं’ या ओळीपुढे छापलेल्या तारखा. त्या बिलाच्या तारखेच्या पुढच्या असतील तर तुम्ही आगाऊ भरताय आणि मध्येच गेलात तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात का, हे विचारावं लागेल. मागच्या असतील तर शेवटचं बिल हमखास येणार.

कॉल सेंटरला फोन करून नेमकं एवढंच विचारा : “मी चक्राच्या मध्ये पोर्ट-आउट झालो तर भाडं दिवसांप्रमाणे लागेल की पूर्ण महिन्याचं?” तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. ॲपमधल्या चॅटवर विचारा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पोर्ट करायचं म्हटलं की तिथला माणूस लगेच निम्म्या किमतीच्या ऑफरवर येतो. ऑफर चांगली असेल तर जरूर घ्या, पण तीही लेखी मागा.

मला विचाराल तर या उत्तराची वाट न बघताही एक वेळ अशी आहे की दोन्ही पद्धतींत नुकसान होत नाही, ती म्हणजे चक्राचा शेवटचा आठवडा. भावजींचं चक्र १२ तारखेपासून पुढच्या ११ तारखेपर्यंतचं. मग असं करायचं : १२ तारखेचं बिल नेहमीसारखं भरून टाकायचं. पुढच्या महिन्याच्या ४ तारखेला PORT पाठवायचा. तेव्हा आधीचं बिल भरलेलं असतं आणि पुढचं निघालेलं नसतं, त्यामुळे थकबाकीचा प्रश्न नाही. ५ तारखेला नव्या कंपनीत कागदपत्रं द्यायची, की ८-९ पर्यंत नंबर हलतो. महिना जवळजवळ पूर्ण वापरून झालेला असतो, त्यामुळे पूर्ण भाडं लागलं तरी वाया काही गेलं नाही.

अगदी शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नका. १० तारखेला PORT पाठवला, कुठल्या तरी कारणाने कोड वापरायचा राहिला आणि १२ ला नवं बिल निघालं, तर पुन्हा कोड मागताना ते नवं बिल आडवं येणार. ते भरा, खात्यावर चढायची वाट बघा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

घरच्या जोडनंबराचं काय

भावजींच्या बिलातला खरा चटका इथे होता. त्यांचा फॅमिली प्लॅन होता, ६९९ रुपये अधिक कर, दोन नंबर. मुख्य नंबर त्यांचा, जोडलेला नंबर सासूबाईंचा. २४ जूनच्या रात्री त्यांचा नंबर नव्या कंपनीत गेला. सासूबाईंच्या नंबराचं काय होईल, याचा विचार कुणी केलाच नव्हता. तो बंद पडला नाही, छान चालू राहिला. त्या रोज लातूरच्या मावशींशी बोलत होत्या. मुख्य नंबर गेल्यावर तो एकटा पडला आणि कंपनीने त्याला ३९९ रुपयांचा स्वतंत्र प्लॅन लावून टाकला.

१२ जुलैच्या बिलाचा हिशेब असा होता. १२ ते २४ जून असे १३ दिवस फॅमिली प्लॅनचे : ६९९ भागिले ३० गुणिले १३, म्हणजे ३०२ रुपये ९० पैसे. २५ जून ते ११ जुलै हे १७ दिवस सासूबाईंच्या नव्या प्लॅनचे : ३९९ भागिले ३० गुणिले १७, म्हणजे २२६ रुपये १० पैसे. बेरीज बरोबर ५२९. त्यावर १८ टक्के जीएसटी ९५ रुपये २२ पैसे. एकूण ६२४ रुपये २२ पैसे. कार्डावरून जाणार होते ते हेच.

म्हणजे नकळत लागलेला खर्च २२६ रुपये १० पैसे, कर धरून २६६ रुपये ८० पैसे. आकडा छोटा आहे. पण भावजींना बँकेचा मेसेज दिसला नसता तर तो दर महिन्याला वाढत गेला असता, कारण प्लॅन चालूच होता. सासूबाईंना फोन फक्त घ्यायला आणि दोन-तीन ठिकाणी करायला लागतो. त्यांचं ३९९ च्या प्लॅनशी काही देणंघेणं नाही.

तेव्हा फॅमिली प्लॅन असेल तर मुख्य नंबर हलवण्याआधी जोडलेल्या नंबरांची सोय लावा. एकेक नंबर आधी प्रीपेड करून घ्या किंवा तोही पोर्ट करा. मुख्य नंबर सगळ्यात शेवटी. जोडलेला नंबर कोणाच्या नावावर आहे तेही बघा. प्लॅन भावजींच्या खात्यावर असला तरी सिम सासूबाईंच्या आधारवर असेल तर नव्या कंपनीत त्यांचीच ओळख पटवावी लागते आणि त्यांना दुकानापर्यंत न्यावं लागतं. घरपोच सिम मागवलं तर हा त्रास वाचतो.

हीच गोष्ट ब्रॉडबँड, डिश टीव्ही आणि मोबाइल एकाच बिलात बांधलेल्यांची. मोबाइल बाहेर काढला की त्या जोडणीची सवलत जाते आणि इंटरनेटचं बिल एकदम मूळ दरावर येऊ शकतं. ते पोर्ट करण्याआधी विचारून घ्या, नंतर नाही.

कोड आल्यावर, दुकानात जाण्याआधी

हे एक-दोन दिवस सगळ्यात मोलाचे, कारण पोर्टिंग झालं की जुन्या कंपनीच्या ॲपमध्ये लॉगिन करणं अवघड होतं. नंबर आता त्यांचा राहिलेला नसतो आणि ॲप तुम्हाला ओळखत नाही. भावजींना आपलंच जुनं बिल काढता येईना, ते ईमेलमध्ये होतं म्हणून सापडलं.

म्हणून ॲप चालतंय तोवर शेवटच्या सहा बिलांची पीडीएफ उतरवून घ्या. बिलावरचा खाते क्रमांक (मोबाइल नंबर नव्हे, खात्याचा वेगळा क्रमांक असतो तो) वहीत लिहून ठेवा, पुढची प्रत्येक तक्रार त्याच्यावर चालते. खात्यावरची ईमेल तुम्ही खरंच वाचता ती आहे का, ते तपासा. आंतरराष्ट्रीय कॉल किंवा रोमिंग सुरू करताना डिपॉझिट भरलं असेल तर त्याची पावती शोधा. ते बहुतेकांच्या स्मरणातून गेलेलं असतं. भावजींनी दुबईच्या नोकरीच्या खटपटीत असताना ५०० रुपये भरले होते, ते मीच त्यांना जुन्या बिलात दाखवले.

प्लॅनसोबत फुकट मिळालेल्या ओटीटीचाही हिशेब करा. प्लॅन गेला की ती सोय जाते. त्या ओटीटीच्या खात्यात तुमचं कार्ड आधीपासून नोंदलेलं असेल तर पुढच्या महिन्यापासून पैसे थेट कार्डावर पडू शकतात. ओटीटीच्या ॲपमध्ये जाऊन ‘पैसे कोण भरतंय’ ते बघा.

आणि ऑटोपे. इथे लोक दोन चुका करतात. एक तर तो तसाच ठेवतात आणि शेवटचं बिल कितीही असो, न वाचता कापलं जातं. किंवा मोबाइल कंपनीच्या ॲपमधून कार्ड काढून टाकतात आणि झालं असं समजतात. पण मँडेट, म्हणजे पैसे कापायला आपण दिलेली परवानगी, बँकेकडे असतं. ते रद्द करायचं तर बँकेच्या नेटबँकिंगमध्ये किंवा कार्डाच्या ई-मँडेटच्या यादीत जावं लागतं. यूपीआय ऑटोपे असेल तर ज्या यूपीआय ॲपवर तो लावलाय तिथे. क्रेडिट कार्डाच्या स्वतःच्या बिलपेमध्ये बिलर म्हणून नंबर टाकलेला असेल तर ती आणखी तिसरी जागा. तिन्ही बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ई-मँडेटने पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, भावजी वाचले ते या मेसेजमुळे. मात्र मँडेट रद्द केलंत की शेवटचं बिल स्वतःच्या हाताने भरायचं हे लक्षात ठेवावं लागतं. मी फोनमध्ये गजर लावते.

मग दुकानात जा, यूपीसी आणि आधार द्या, नवं सिम घ्या. यूपीसी फक्त तिथेच सांगायचा. “तुमचं केवायसी संपलंय, आलेला कोड सांगा” असा फोन आला तर कोड दिला म्हणजे नंबरच दिला. अर्ज दिल्यावर मन बदललं तर २४ तासांच्या आत 1900 वर हा मेसेज पाठवता येतो :

```
CANCEL 98XXXXXXXX
```

नंबर कधी हलणार, त्याचा मेसेज येतो. बहुधा ते रात्री होतं आणि काही तास फोन मुका राहतो. त्या रात्री बँकेचं काम, तिकीट, ओटीपी लागणारं काहीही ठेवू नका. जुन्या सिमवर ‘नो सर्व्हिस’ दिसलं की नवं घालायचं.

शेवटचं बिल

पोर्टिंग झाल्यावर आपल्या डोक्यात जुनी कंपनी संपलेली असते. तिच्या डोक्यात आपण संपलेलो नसतो. शेवटचं बिल बहुधा नेहमीच्याच बिलाच्या तारखेला निघतं, म्हणजे कधीकधी पोर्टिंगनंतर तीन आठवड्यांनी. ते न भरता राहिलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवू शकते आणि मग नव्या कंपनीतली तुमची सेवाही बंद होऊ शकते, पुढे नंबरही जाऊ शकतो. त्यात नव्या कंपनीचा दोष नसतो, पोर्टिंगच्या नियमातच ही तरतूद आहे. शिवाय पोस्टपेडची थकबाकी क्रेडिट ब्युरोकडे नोंदली जाऊ शकते. तीनशे रुपयांच्या बिलासाठी घरकर्जाच्या वेळी तो डाग पुसत बसणं कुणाला परवडणार नाही.

हे बिल भरताना एक मजेशीर अडचण येते. यूपीआय ॲपमध्ये तुम्ही नंबर टाकला की ते स्वतःच कंपनी ओळखतं, आणि ओळखतं नवी. पैसे जातात नव्या कंपनीच्या खात्यावर आगाऊ म्हणून, आणि जुनं बिल तसंच राहतं. म्हणून ‘पोस्टपेड’मध्ये जाऊन जुन्या कंपनीचं नाव हाताने निवडा आणि समोर आलेली रक्कम बिलाशी जुळतेय का ते बघूनच भरा. रक्कम दिसतच नसेल तर शेवटच्या बिलाच्या ईमेलमधली पेमेंटची लिंक वापरा किंवा गॅलरीत खाते क्रमांक सांगून भरा. लिंक एसएमएसमधून आली असेल तर मात्र जरा थांबून खात्री करा, या नावाखाली ठगही लिंका पाठवतात.

भावजींच्या बिलात तो एक चुकीचा आकडा म्हणजे डिपॉझिट. ५०० रुपये वळते करून १२४ रुपये २२ पैसेच मागायला हवे होते, तर पूर्ण रक्कम मागितली होती. विचारल्यावर उत्तर मिळालं, खातं अजून चालू आहे. चालू कशामुळे, तर सासूबाईंच्या नंबरामुळे. भावजी म्हणाले, “मग मी भरतच नाही.” मी त्यांना भरायला लावलं. वाद ५०० चा, आणि पणाला लागणार होता नवा नंबर. मुदत संपत आलेली असताना पैसे अडवून भांडायचं नाही. भरायचं, पावती घ्यायची आणि मग भांडायचं. त्याच आठवड्यात सासूबाईंचा नंबर प्रीपेड करून घेतला. त्याचं मधल्या दिवसांचं एक छोटं बिल ऑगस्टमध्ये आलं, तेही भरलं. खातं पूर्ण बंद झालं तेव्हा डिपॉझिट मागायचा आमचा हक्क पक्का झाला.

पैसे अडकले तर

तक्रारीला दोन पायऱ्या असतात आणि पहिली ओलांडल्याशिवाय दुसरीवर कुणी उभं करत नाही. पहिली म्हणजे कंपनीचं तक्रार केंद्र. त्याच कंपनीच्या सिमवरून 198 लागतो. पण तुमचं सिम आता दुसरीकडचं, त्यामुळे वेबसाइटवरचा दहा आकडी किंवा टोल-फ्री नंबर, नाहीतर ईमेल वापरा. बोलणं संपण्याआधी तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. तो नसेल तर तक्रार केलीच नाही असं धरा. बिलाच्या तक्रारीला चार ते सहा आठवडे लागू शकतात.

उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर दुसरी पायरी : त्याच कंपनीतलं अपील प्राधिकरण. अपील ३० दिवसांच्या आत करायचं, फी लागत नाही, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. प्रत्येक कंपनीच्या दोन्ही ठिकाणांचे पत्ते tccms.trai.gov.in वर सर्कलप्रमाणे मिळतात. तिथे मुंबई निवडा, महाराष्ट्र नव्हे. ट्राय स्वतः एकेकाची तक्रार ऐकत नाही, त्यामुळे तिथे पत्रं पाठवण्यात वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करता येते, आणि रक्कम मोठी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. मोबाइल कंपन्यांच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे नेता येतात की नाही हा वाद होता, तो सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्राहकांच्या बाजूने मिटवला.

आमचं काम अपिलापर्यंतच गेलं. पहिल्या तक्रारीवर “तुमची विनंती पूर्ण झाली” असा मेसेज आला आणि पैसे मात्र नाहीत. अपिलात मी चारच ओळी लिहिल्या : खाते क्रमांक, डिपॉझिट भरल्याची तारीख आणि रक्कम, खातं बंद झाल्याची तारीख, आणि पैसे जमा करण्यासाठी बँकेचा तपशील. सोबत डिपॉझिट दाखवणारं जुनं बिल, शेवटच्या बिलाची पावती आणि रद्द केलेला चेक. त्याच मेलमध्ये ‘नो ड्यूज’चं पत्रही मागितलं, म्हणजे वर्षभराने वसुलीवाल्याचा फोन आला तर समोर धरायला कागद असतो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ५०० रुपये भावजींच्या खात्यात आले आणि दोन दिवसांनी पत्र. पत्राची प्रिंट मी त्या सहा बिलांच्या वर लावून फाइल कपाटात ठेवली. सासूबाई आता प्रीपेडवर आहेत आणि लातूरला फोन रोज चालूच आहे.